एकेक फ्रेम नीट, तरी चाल का थरथरते?

प्रश्न: ३२ × ३२ चं पात्र आहे, चालण्याच्या ८ फ्रेम. एकेक फ्रेम वेगळी बघितली की छान दिसते, पण चालवलं की हिरो थरथरतो आणि केपची कड लुकलुकते. पॅलेट १४ रंगांचं ठेवलं आहे, आउटलाइनही एकाच रंगाची, एक पिक्सेल जाड. शीट जोडली आहे. तपासायची कशी आणि आधी काय दुरुस्त करू?

शीट उघडून बघितली. तुमची सहावी फ्रेम अख्खीच्या अख्खी एक पिक्सेल वर सरकली आहे, सातवीत डोकं धडावरून घसरलं आहे, आणि केपची कड लुकलुकते ती तिथे शिरलेल्या चार अर्धपारदर्शक रंगांमुळे. बाकी बारीकसारीक बरंच आहे, पण पात्र मुळात चांगलं काढलं आहे आणि पुन्हा पहिल्यापासून काढायची अजिबात गरज नाही. हे दोष मला कसे सापडले ते क्रमाने सांगते, म्हणजे पुढच्या शीटला तुम्हाला दुसऱ्या कुणाला दाखवावं लागणार नाही.

तपासताना मी एकच प्रश्न धरून बसते: दोन शेजारच्या फ्रेममध्ये जो पिक्सेल बदलला, तो का बदलला? पाय पुढे गेला म्हणून बदलला असेल तर ठीक. काहीच कारण नसताना बदलला असेल, तर डोळ्याला ती हालचालच वाटणार. एकाच फ्रेमकडे टक लावून बघत बसलात तर हे दिसत नाही, कारण चुकलेला रंग किंवा सरकलेली रेघ तिथे शांत पडून असते. पुढची फ्रेम आली की तीच लुकलुकते. म्हणून पॅलेट, आउटलाइन आणि थरथर या तीन वेगळ्या तपासण्या वाटल्या तरी मी त्या एकाच कामाच्या तीन पायऱ्या धरते, आणि क्रम बदलत नाही. आधी रंग, मग रेघ, मग हालचाल. रंग साफ नसतील तर फ्रेम एकमेकांवर ठेवून फरक बघताना खोटे फरक इतके दिसतात की खरा फरक त्यात हरवून जातो.

सगळ्यात आधी मात्र शीट मूळ मापात आहे ना ते बघा. तुम्ही पाठवलेली शीट १०२४ × १२८ होती, म्हणजे चौपट मोठी केलेली. ८ फ्रेमची ३२ ची पट्टी २५६ × ३२ असायला हवी. मोठं केलेलं चित्र तपासण्यात अर्थ नाही, कारण मोठं करताना प्रोग्रॅमने कडा गुळगुळीत केल्या असतील तर रंगांची संख्या भलतीच येते. तुमचं मोठं करणं नशिबाने `Nearest-neighbor` पद्धतीने झालं होतं, त्यामुळे मला ते त्याच पद्धतीने परत २५६ × ३२ वर आणता आलं. यापुढे मूळ फाइलच तपासा.

आता रंग. तुम्ही १४ म्हणता, आणि तुमच्या पॅलेटच्या खिडकीत १४ च दिसत असणार. पण पॅलेटमध्ये काय आहे आणि चित्रात काय आहे या वेगळ्या गोष्टी आहेत. फाइल आरजीबी मोडमध्ये असेल तर पॅलेट ही फक्त ताटात वाढलेल्या रंगांची यादी असते, चित्रात कुठलाही रंग शिरू शकतो. म्हणून मोजायचं ते चित्र. पायथॉन आणि पिलो असेल तर एवढंच पुरतं:

```python
from PIL import Image
im = Image.open("walk.png").convert("RGBA")
for n, c in sorted(im.getcolors(8192), reverse=True):
    print(n, c)
```

८१९२ हा आकडा २५६ × ३२ चा गुणाकार आहे, म्हणजे प्रत्येक पिक्सेल वेगळ्या रंगाचा असला तरी यादी पूर्ण येईल. प्रत्येक ओळीत आधी तो रंग किती पिक्सेलांवर आहे ते येतं, मग लाल, हिरवा, निळा आणि शेवटी अपारदर्शकता.

तुमच्या शीटसाठी २४ ओळी आल्या. त्यातली एक पारदर्शक पार्श्वभूमीची, १४ तुमच्या. उरल्या ९. यादीच्या तळाशी, ज्यांची संख्या एक, दोन, पाच अशी आहे, तिथेच हे पाहुणे बसलेले असतात, म्हणून मी यादी नेहमी खालून वाचते.

त्या ९ पैकी चार रंगांचा शेवटचा आकडा ० ही नाही आणि २५५ ही नाही. हे अर्धपारदर्शक. सगळे केपच्या खालच्या टोकाशी, फ्रेम ४, ५ आणि ६ मध्ये. मऊ कडेचा खोडरबर किंवा अँटी-अलायझिंग चालू असलेलं साधन वापरलं की हे येतात. पांढऱ्या कॅनव्हासवर ते दिसतही नाहीत. गेममध्ये मागे गडद भिंत आली की तेच पिक्सेल गडद होतात, उजेडात आलं की फिके होतात, आणि तीन फ्रेमपुरतेच असल्यामुळे कड लुकलुकल्यासारखी वाटते. यावर एका झटक्यातला उपाय करू नका. सरसकट सगळे पूर्ण अपारदर्शक केलेत तर केपचं टोक फुगेल, सगळे खोडलेत तर कुरतडल्यासारखं दिसेल. सगळे मिळून ११ पिक्सेल आहेत. प्रत्येकाशी थांबून ठरवा: हा केपचा आहे की हवेचा? केपचा असेल तर तुमच्या १४ मधला केपचा गडद रंग द्या, हवेचा असेल तर खोडून टाका.

पुढचे तीन रंग म्हणजे जुळी भावंडं. चेहऱ्याचा रंग तुम्ही 232, 180, 140 ठेवला आहे, आणि फ्रेम ३ मध्ये काही पिक्सेल 231, 180, 140 आहेत. डोळ्याला यात फरक कळणार नाही, आणि म्हणूनच हे त्रासदायक असतात. उद्या हिरोला विषबाधा झाली आणि कोडमधून कातडीचा रंग हिरवा करायचा ठरवलं, तर हे पिक्सेल तसेच राहून चेहऱ्यावर ठिपके उठतील. रंग स्क्रीनशॉटमधून उचलला, किंवा चित्र दुसऱ्या प्रोग्रॅममधून रंग-प्रोफाइल बदलून परत आलं, की असं होतं. यांना डोळे झाकून मूळ रंगात मिसळून टाका.

शेवटचे दोन रंग खरेखुरे आहेत, तुम्हीच घातलेले. पाचव्या फ्रेममध्ये केपच्या घडीत या दोन छटांची एक जांभळट सावली आहे. छान दिसते, खरंच. पण ती १०० मिलिसेकंदांसाठी येते आणि जाते. आता एकतर ती घडी आठही फ्रेममध्ये जिथे जिथे पडते तिथे द्या, नाहीतर काढून टाका. माझं मत काढण्याकडे आहे, कारण तुमच्या पॅलेटमधला पँटचा गडद निळा त्याच जागी चालतो. एक रंग दोन ठिकाणी राबला की पात्र एकसंध दिसतं. जुन्या यंत्रांवर हे सक्तीचंच होतं. एनईएसवर एका स्प्राइट पॅलेटमध्ये पारदर्शक सोडून तीनच रंग मिळत, गेम बॉयच्या पडद्यावर एकूण चारच छटा होत्या. तिथे नवा रंग घालायचा म्हणजे जुना काढायचा. आज यंत्र आपल्याला अडवत नाही, त्यामुळे हा हिशेब आपणच ठेवायचा.

साफसफाई झाली की फाइल इंडेक्स्ड मोडमध्ये न्या. अ‍ॅसेप्राइटमध्ये `Sprite > Color Mode > Indexed`, आणि डिदरिंग बंद ठेवून. क्रम महत्त्वाचा आहे. साफ न करता थेट मोड बदललात तर प्रोग्रॅम प्रत्येक चुकार रंगाला त्याच्या मते जवळचा रंग देऊन मोकळा होतो, आणि तुम्हाला जिथे निर्णय घ्यायचा होता तो तुमच्या नकळत घेतला जातो. साफ करून मोड बदललात की पुढे पंधरावा रंग चुकूनही शिरत नाही.

रंगांची आणखी एक तपासणी फार थोडे लोक करतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त तीच सांगून जाते. एकेक रंग दर फ्रेमला किती पिक्सेलांवर आहे ते मोजायचं. तुमच्या केसांवरच्या चकाकीचा रंग आठ फ्रेममध्ये असा आहे: ७, ७, ८, १२, ७, ७, ८, ७. चौथ्या फ्रेममध्ये चकाकी एकदम चार पिक्सेलांनी वाढली आणि लगेच परत आली. डोकं वळलेलं नाही, दिवा जवळ आलेला नाही, मग डोक्यावर उजेड का चमकला? या आकड्यांवरून मला आणखी एक गोष्ट कळली, की तुम्ही डोकं प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने काढलं आहे. तिकडे नंतर येते.

आता आउटलाइन. तुमचा नियम सोपा आहे: एक रंग, एक पिक्सेल. ज्यांची आउटलाइन उजेडाच्या बाजूला फिकी आणि सावलीत गडद असते त्यांना इथे जास्त कष्ट पडतात, तुमचं काम त्यामानाने सरळ आहे. इंडेक्स्ड मोडचा फायदा लगेच घ्या. फाइलची प्रत करा आणि पॅलेटमधले आउटलाइन सोडून बाकीचे १३ रंग एकाच करड्या रंगाचे करा. चेहरा, कपडे, छटा सगळं नाहीसं होतं आणि उरते ती करड्या आकृतीवरची रेघ. नुसत्या रेघेकडे बघायची सवय झाली की दोष स्वतःहून पुढे येतात.

पहिला दोष खांद्यावर. फ्रेम २ मध्ये खांद्याची रेघ स्वच्छ आहे आणि ३ मध्ये कोपरे भरलेले आहेत. डावीकडे तिसरी फ्रेम, उजवीकडे दुसरी:

```
..##      ...#
.##.      ..#.
.#..      .#..
.#..      .#..
```

डावीकडच्या रेघेत पायरीच्या जागी पिक्सेल कोनात बसले आहेत, त्यामुळे तिथे रेघ जाड दिसते. पेन्सिलचा `Pixel-perfect` पर्याय चालू असेल तर रेघ ओढताना असे कोपरे आपोआप गळतात. पण हात तुकडा म्हणून उचलून एक पिक्सेल सरकवला आणि जोड भरून काढला, तिथे तो पर्याय काही करू शकत नाही. तुमच्या शीटमध्ये असे भरलेले कोपरे फ्रेम ३, ४ आणि ७ मध्ये आहेत, आणि प्रत्येक वेळी हात जिथे धडाला चिकटतो तिथेच. याचा अर्थ तुम्ही हात सरकवून जोडले आहेत. ती पद्धत बरोबरच आहे, फक्त जोडल्यावर कोपरा पुन्हा बघायचा.

दुसरा दोष पाठीच्या कडेचा. मानेपासून कमरेपर्यंत नऊ ओळी आहेत. दुसऱ्या फ्रेममध्ये रेघेचे उभे तुकडे ४, २, १, २ असे उतरतात. तुकडे हळूहळू आखूड होत जातात आणि मग पुन्हा लांबतात, म्हणून डोळ्याला ती वळणदार वाटते. तिसऱ्या फ्रेममध्ये तीच पाठ ३, १, ३, २ अशी आहे. लांब, आखूड, पुन्हा लांब, त्यामुळे मधे टेंगूळ आल्यासारखं दिसतं. स्थिर चित्रात हे खपून जातं. पण पाठ या दोन फ्रेममध्ये वाकतच नाही, फक्त एक पिक्सेल वर जाते, आणि तरीही तिचा आकार बदलतो. चालवून बघताना पाठीवरून काहीतरी सरपटत गेल्यासारखं वाटलं असेल तर ते हेच. दुसऱ्या फ्रेमची पाठ जशीच्या तशी उचलून वर ठेवा.

तिसरी गोष्ट आतल्या रेघांची. पुढचा हात धडावरून जातो तेव्हा त्याच्या कडेला तुम्ही तिसऱ्या फ्रेममध्ये रेघ दिली आहे, सातवीत नाही. दोन्ही ठिकाणी परिस्थिती एकच, हात धडाच्या बरोबर मधे, फक्त एकदा पुढे जाताना आणि एकदा मागे येताना. सातवीत हात शर्टात विरघळतो आणि आठवीत पुन्हा उगवतो. आतली रेघ द्यायची की नाही हा तुमच्या शैलीचा प्रश्न आहे, मला दोन्ही चालतं. पण जे ठरवाल ते जोडीच्या दोन्ही फ्रेमना लागू करा.

पाय एकमेकांना ओलांडतात तिथे याच्या उलट घडतं. पुढच्या पायाची रेघ आणि मागच्या पायाची रेघ शेजारी येऊन दोन पिक्सेल जाड काळा पट्टा तयार होतो. फ्रेम ३ आणि ७ मध्ये मांड्यांच्या मधे तो ठळक दिसतो आणि दर चार फ्रेमनी ठोका पडल्यासारखा भासतो. तिथे मागच्या पायाची रेघ काढून टाका. मागचा पाय पँटच्या गडद छटेत असला की रेघेशिवायही वेगळा कळतो.

आता थरथर. इथे पहिल्यांदा ठरवायचं, की दोष चित्रात आहे की चित्र गेममध्ये नेताना आला आहे. हे मी कळकळीने सांगते, कारण एका कामात मी दोन दिवस फ्रेम पुन्हा पुन्हा काढत बसले होते आणि दोष निर्यातीच्या एका खुणेत निघाला. अ‍ॅसेप्राइटमध्येच लूप चालवून बघा. तिथे पात्र स्थिर असेल आणि गेममध्येच थरथरत असेल, तर ब्रश खाली ठेवा आणि निर्यात बघा. शीट निर्यात करताना `Trim Cels` वर खूण असेल तर प्रत्येक फ्रेमभोवतीची रिकामी जागा कापली जाते. मग गेमने फ्रेमचा मध्य धरून चित्र ठेवलं, की फ्रेमच्या रुंदीप्रमाणे मध्यही सरकतो. तुमच्याच शीटमध्ये बघा: पहिल्या फ्रेममध्ये पाय फाकलेले आणि केप मागे उडालेली, म्हणून आकृती २२ पिक्सेल रुंद आहे आणि तिचा मध्य १५ वर पडतो. तिसऱ्या फ्रेममध्ये पाय जवळ, रुंदी १४, मध्य १६ वर. धड कागदावर जागचं हललेलं नाही, पण गेममध्ये ते एक पिक्सेल मागे-पुढे होईल. कापायचंच असेल तर प्रत्येक फ्रेमची मूळ जागा सांगणारी जेसन फाइल सोबत घ्या आणि गेमला ती वाचायला लावा. ८ फ्रेमसाठी इतका खटाटोप मी करणार नाही, न कापता निर्यात करीन. युनिटीत `Filter Mode` ला `Point (no filter)` आणि `Compression` ला `None`, गोदोमध्ये टेक्स्चरचा फिल्टर `Nearest`, आणि मोठं करणं दोनपट, तीनपट असं पूर्णांकातच. अडीचपट केलंत तर काही पिक्सेल दोन ठिपक्यांचे आणि काही तीनचे होतात, आणि पात्र सरकलं की कोणते जाड हे बदलत राहतं.

तुमच्या बाबतीत मात्र थरथर चित्रातच आहे, अ‍ॅसेप्राइटमध्येही दिसते. त्यासाठी मी डोळ्यांच्या आधी आकडे घेतले:

```python
for i in range(8):
    f = im.crop((i*32, 0, i*32+32, 32))
    print(i+1, f.getchannel("A").getbbox())
```

प्रत्येक फ्रेमसाठी चार आकडे येतात: डावी कड, वरची, उजवी आणि खालची. शेवटचे दोन आकडे चित्र संपल्यानंतरच्या पिक्सेलचे असतात, हे ध्यानात ठेवा. डावी-उजवी कड पाय आणि केपमुळे बदलणारच, तिकडे सध्या बघू नका. दुसरा आकडा म्हणजे डोक्याचा माथा आणि चौथा म्हणजे जमीन.

चालताना एक ना एक पाय कायम जमिनीवर असतो. धावण्यात दोन्ही पाय हवेत जातात, चालण्यात नाही. म्हणून चौथा आकडा आठही फ्रेममध्ये सारखा हवा. तुमचा सात फ्रेममध्ये ३१ आहे आणि सहावीत ३०. हिरो सहाव्या फ्रेममध्ये तरंगतो.

माथ्याचं गणित थोडं समजून घ्यायला हवं. ८ फ्रेमच्या चालीत चार अवस्था दोनदा येतात, एकदा उजव्या पायाने आणि एकदा डाव्या. टाच टेकते, मग वजन पडून शरीर सर्वांत खाली जातं, मग पाय एकमेकांना ओलांडतात, मग पंजावर शरीर सर्वांत वर उचललं जातं. वरून मोजलं तर माथा ५, ६, ५, ४ आणि पुन्हा ५, ६, ५, ४ असा हवा. दोन पावलं सारखी असतील तर दोन्ही अर्धे सारखेच. तुमचे आकडे ५, ६, ५, ४ आणि मग ५, ५, ६, ४. पहिलं पाऊल अचूक, दुसरं बिघडलेलं.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. सहाव्या फ्रेममध्ये माथा ६ ऐवजी ५, आणि जमीन ३१ ऐवजी ३०. दोन्ही एकेक पिक्सेल वर, म्हणजे आकृतीत चूक नाही, अख्खी फ्रेम वर सरकली आहे. बहुधा निवड करून हलवताना बाणाची कळ एकदा जास्त दाबली गेली. सगळं निवडून एक पिक्सेल खाली आणा, झालं. सातव्या फ्रेममध्ये जमीन बरोबर आहे, पण माथा ५ ऐवजी ६. म्हणजे इथे फक्त डोकं खाली बसलं आहे आणि मान आखूड झाली आहे.

मग डोक्याचा आडवा हिशेब. हा स्क्रिप्टमधून निघत नाही, नाकाचा पिक्सेल धरून हाताने लिहिला: १६, १६, १६, १७, १६, १६, १५, १६. चौथ्या फ्रेममध्ये एक पिक्सेल पुढे, सातवीत एक मागे. जागेवर चालणाऱ्या आकृतीत डोकं आडवं हलण्याचं कारण नाही. आणि हलवायचंच असेल तर हे लक्षात ठेवा, की वर-खालची ४, ५, ६, ५, ४ ही लाट डोळ्याला हालचाल वाटते, कारण प्रत्येक फ्रेम आधीच्याच दिशेने किंवा टोकावरून वळून पुढे जाते. १६, १६, १७, १६ यात स्थिर वस्तू एकदाच उडून परत येते. त्याला डोळा धक्काच म्हणतो. पिक्सेल छोटा वाटतो, पण तुमचा हिरो २६ पिक्सेल उंच आहे. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाच्या मापात एक पिक्सेल म्हणजे साडेसहा सेंटिमीटर. एवढं डोकं कुणाचं दर पावलाला उडत नाही.

या सगळ्याचं मूळ चकाकीच्या आकड्यांत दिसलं होतं तेच आहे: डोकं आठ वेळा काढलं गेलं. डोळे माथ्यापासून बहुतेक फ्रेममध्ये सहा पिक्सेल खाली आहेत, तिसऱ्या फ्रेममध्ये सात आणि सातवीत पाच. चेहऱ्याचे भाव त्यामुळे त्या दोन फ्रेममध्ये बदलतात. दुसऱ्या फ्रेममधलं डोकं सगळ्यात चांगलं उतरलं आहे. ते वेगळ्या लेयरवर घ्या, आठही फ्रेममध्ये तेच चिकटवा आणि वर दिलेल्या आकड्यांप्रमाणे फक्त वर-खाली करा. चकाकी, डोळे, माथा आणि आडवा धक्का, चारही गोष्टी एका कामात सुटतात.

एवढं केल्यावर डोकं जरा ठोकळ्यासारखं वाटेल. तेव्हा पुन्हा काढायचा मोह आवरा. कपाळावरची बट डोक्याच्या एक फ्रेम मागे ठेवा: डोकं खाली गेलं की बट वरच राहते, पुढच्या फ्रेमला खाली येते. इथे पिक्सेल बदलला, पण त्याला कारण आहे, आणि तो दोन्ही पावलांना त्याच क्रमाने बदलतो. अर्ध्या पिक्सेलची हालचाल दाखवायची असेल तर रेघ जागेवर ठेवून आतली छटा सरकवा. खांद्याचा श्वास असाच दाखवतात.

राहिला पाय. टेकलेला पाय प्रत्येक फ्रेमला सारख्या अंतराने मागे जायला हवा, कारण तो जमिनीला चिकटलेला आहे आणि शरीर एकसारख्या वेगाने पुढे चाललं आहे. तुमच्या पुढच्या पायाची टाच फ्रेम १ ते ५ मध्ये २१, १९, १८, १४, १३ अशी आहे. एकूण आठ पिक्सेल बरोबर, पण वाटणी २, १, ४, १ अशी. म्हणून पाय अडखळतो आणि मग घसरतो. २१, १९, १७, १५, १३ करा. दुसऱ्या पायालाही फ्रेम ५ पासून पुन्हा १ पर्यंत हेच आकडे. आणि हे आकडे गेमच्या वेगाशी बांधलेले आहेत: दर फ्रेमला २ पिक्सेल आणि फ्रेम १०० मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला २० पिक्सेल. कोडमध्ये हिरो सेकंदाला २४ ने सरकत असेल तर चित्र कितीही निर्दोष असलं तरी पाय बर्फावर असल्यासारखे घसरतील. वेग वाढवायचाच असेल तर फ्रेमचा वेळ कमी करा. २४ साठी तो ८३ मिलिसेकंद होतो.

आकड्यांनी पकडता येत नाही ती केप. कापडाला ठरलेली जागा नसते, तिथे डोळाच हवा. ओनियन स्किन चालू करून बघता येतं, पण मला त्यापेक्षा दोन फ्रेमवर बाणाची डावी-उजवी कळ पटपट दाबत राहणं जास्त उपयोगी वाटतं. शेजारची जोडी, मग पुढची, आणि आठवी-पहिली ही जोडी विसरू नका, लूपचा सांधा तिथेच असतो. केपच्या टोकाचा मार्ग बोटाने हवेत काढून बघा. तुमचं टोक पहिल्या पाच फ्रेममध्ये छान कमान काढतं आणि सहावीत एकदम उलटं वळतं. पण ही तपासणी सहावी फ्रेम खाली आणल्यानंतरच करा, कारण त्या वळणातला एक पिक्सेल त्या सरकण्याचाच आहे. कदाचित केपला हात लावावाही लागणार नाही.

तुम्ही विचारलंत आधी काय. सहावी फ्रेम एक पिक्सेल खाली, केपचे ११ पिक्सेल, मग डोक्याचा लेयर. या तिन्हीला तासभर पुरेल, आणि मला वाटतं तुम्हाला खुपणारी थरथर त्यातच बरीचशी जाईल. त्यानंतर टाचेचे आकडे. खांद्याचे कोपरे, पाठ आणि मांड्यांमधला पट्टा सगळ्यात शेवटी, कारण डोकं आणि पाय हलल्यावर तिथल्या रेघा तशाही पुन्हा जोडाव्या लागणार आहेत. मग न कापता निर्यात करून, मोठी न केलेली २५६ × ३२ ची फाइलच पाठवा, केपचं टोक तेव्हा बघू.